"ताई, ह्यात गॅस होल्डर कुठं हाय?" : गोबरगॅसच्या मॅन्युअलचं मराठी करताना काय चुकलं आणि कसं सापडलं

हे सगळं कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यात घडलं. गावांची आणि माणसांची नावं मी मुद्दाम घालत नाहीये. एका संस्थेनं गवंड्यांसाठी ट्रेनिंग ठेवलं होतं, गोबरगॅसचं दीनबंधू मॉडेल, म्हणजे वर विटांचा पक्का डोम असलेला प्लँट, २ घनमीटरचा, आणि त्यांच्याकडं इंग्रजीत ४८ पानांचं बांधकामाचं मॅन्युअल होतं त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडं आलं. मी अनुवादाचं काम करते पण माझं माहेर शेतकऱ्याचं, घरी गोबरगॅस होता, म्हणून मला वाटलं होतं की हे तरी सोपं जाईल.

पहिला मसुदा महिन्याभरात झाला. डायजेस्टरला पाचक, गॅस होल्डरला गॅसधारक, आउटलेटला निर्गम, डिस्प्लेसमेंट चेंबरला विस्थापन कक्ष, आणि स्लरीला स्लरीच, कारण तो शब्द आता सगळ्यांनाच माहीत आहे असं मी धरलं. तपासणाऱ्यांनीही पास केला, त्यांना त्यात काही खटकलं नाही कारण ते सगळे इंजिनिअर, इंग्रजी ड्रॉइंग डोळ्यासमोर ठेवून वाचणारे. १४ गवंड्यांना छापील प्रती वाटल्या, आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं, एक प्लँट सगळ्यांनी मिळून बांधला आणि मग प्रत्येकजण आपापल्या भागात मॅन्युअल घेऊन कामाला लागला.

तीन महिन्यांनी पहिली तक्रार आली. एका घरी प्लँट बांधून, भरून झाला होता, पाच म्हशी होत्या, रोज शेण घालत होते, पण गॅस एक चहा आणि फार तर भात, एवढाच. २ घनमीटरच्या प्लँटला रोज साधारण ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं, एक किलो शेणातून अंदाजे ०.०४ घनमीटर गॅस धरतात म्हणजे ५० किलोला २ घनमीटर, पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर व्हायला पाहिजे. शेण कमी पडतंय का हे आधी बघितलं, तर नाही, वहिनी मोजून बादल्या घालत होत्या. थंडी नव्हती. मग संस्थेचा सुपरवायझर, मी आणि तो प्लँट बांधणारे मिस्त्री असे तिघं गेलो. मी खरं तर फोटो काढायला गेले होते.

सुपरवायझरनं गॅसच्या पाइपला यू आकाराची पारदर्शक नळी जोडली, आत रंगीत पाणी, आणि कॉक बंद करून रात्रभर ठेवलं. फिक्स्ड डोमच्या प्लँटमध्ये गॅस वापरला नाही तर प्रेशर चढत जातं, पाण्याच्या उंचीत मोजलं तर ९०-१०० सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतं. सकाळी बघितलं तर १८. दुपारपर्यंत थांबलो, तरी १८ च. सुपरवायझर म्हणाला हे १८ वर अडकलंय म्हणजे जेवढा गॅस तयार होतोय तेवढाच कुठूनतरी सुटतोय. शेजारच्या वाडीत दुसऱ्या मिस्त्रींनी त्याच मॅन्युअलवरून बांधलेला प्लँट होता, तिथं हीच नळी लावली तर ७० च्या वर गेली.

पाइपचे सगळे जॉइंट साबणाच्या पाण्यानं तपासले, कुठं बुडबुडा नाही. मग डोमवरची माती बाजूला काढली आणि बाहेरच्या गिलाव्यावर ब्रशनं साबणाचं पाणी फिरवलं. आणि तिथं दिसलं. एका ठिकाणी मोठी भेग असेल असं मला वाटलं होतं पण तसं नव्हतं, वरच्या भागात हाताच्या तळव्याएवढ्या पाच-सहा जागी एकदम बारीक फेस येत होता, दुधाला उकळी फुटायच्या आधी कडेला येतो तसा. म्हणजे गिलाव्यातूनच गॅस झिरपत होता.

मिस्त्रींना आधी पटेना. ते म्हणाले, "आतनं पाणी भरून चोवीस तास ठेवलं होतं, थेंब कमी झाला न्हाई." आणि ते खरं होतं. पण ती टेस्ट शेणपाण्याच्या भागाची. पाणी थांबवणारा गिलावा गॅस थांबवेलच असं नाही, वाळूसिमेंटच्या बारीक छिद्रांतून पाणी जात नाही पण गॅस जातो, त्यात इथं प्रेशर जास्त. म्हणून डोमच्या वरच्या भागाला आतून जास्तीचं काम सांगितलेलं असतं, एकास तीनच्या मालाचा गिलावा, त्यावर नुसत्या सिमेंटची घोटाई, आणि पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन हात. सुपरवायझरनं विचारलं, "मिस्त्री, घोटाई आणि रंग केला का?" ते म्हणाले नाही. का नाही? तर त्यांनी पिशवीतनं माझंच मॅन्युअल काढलं, सिमेंटचे डाग पडलेलं, कोपरे मुडपलेलं, पान ३१ उघडलं आणि मला म्हणाले,

"ताई, ह्यात गॅस होल्डर कुठं हाय? तुम्ही लिवलंय गॅसधारकाच्या आतील पृष्ठभागावर. ह्या मॉडेलला गॅस होल्डर न्हाईच की. त्यो जुन्या टोपाच्या प्लँटला असतोय. मला वाटलं ते पान त्या मॉडेलचं हाय."

मी ते पान परत वाचलं आणि मला कळलं की त्यांनी वाचलं ते बरोबर वाचलं होतं.

आमच्याकडं गोबरगॅस म्हणजे लोकांच्या डोळ्यासमोर येतो तो खादी ग्रामोद्योगचा फ्लोटिंग ड्रमचा प्लँट. खाली विहिरीसारखी गोल बांधलेली टाकी आणि वर लोखंडी ड्रम उपडा घातलेला, गॅस भरला की ड्रम वर उचलला जातो, संपला की खाली बसतो. त्या ड्रमलाच इंग्रजीत गॅस होल्डर म्हणतात, आमच्याकडं टोप, टाकी, ड्रम काहीही. हाताला लागणारी, गॅरेजमधून करून आणायची, दरवर्षी रंग द्यायला लागणारी, गंजणारी एक वेगळी वस्तू. नंतर जे मॉडेल आले, १९७८ चं जनता आणि १९८४ चं अफप्रो या संस्थेचं दीनबंधू, त्यांनी हा लोखंडी ड्रमच काढून टाकला. दीनबंधूत वरचा विटांचा डोमच गॅस धरतो. इंग्रजी मॅन्युअलमध्ये मात्र गॅस होल्डर हा शब्द तसाच राहिला, कारण इंजिनिअरसाठी ते एका कामाचं नाव आहे, गॅस साठवणारा भाग, मग तो लोखंडाचा असो की विटांचा. गवंड्यासाठी ते एका वस्तूचं नाव आहे. मी गॅसधारक असा शब्द केला तेव्हा मला वाटलं होतं की नवीन शब्द आहे म्हणजे जुनं चित्र डोक्यात येणार नाही, पण मिस्त्रींनी गॅसधारक वाचून मनात लगेच त्याचं गॅस होल्डर केलं आणि चित्र आलं ते टोपाचंच. आणि टोप तर इथं नाही. मग पान सोडून दिलं.

दुसऱ्या मिस्त्रींचा प्लँट का चांगला झाला? त्यांना विचारलं तर म्हणाले की ते पान त्यांनाही समजलं नव्हतं, पण त्यांनी आधी एका हिंदी ट्रेनिंगमध्ये हाताखाली काम केलं होतं आणि तिथं बघितलं होतं. म्हणजे तिथं काम झालं त्यात माझ्या पुस्तकाचा काही वाटा नव्हता.

दुरुस्तीला खर्च आला आणि वेळही. प्लँट पूर्ण रिकामा केला, उघडा ठेवला, हवा खेळती केली, आणि आत उतरण्याआधी सुपरवायझरनं पुन्हा पुन्हा बजावलं की एकट्यानं उतरायचं नाही, वर माणूस पाहिजे, कमरेला दोर पाहिजे, बिडी-काडी पेटवायची नाही. (या पानावर मी श्वासावरोधाचा धोका संभवतो असं लिहिलं होतं. आता तिथं 'आत गुदमरून माणूस मरतो' असं आहे, ठळक अक्षरात.) मग आतला गिलावा धुवून त्याला टाचे मारले, पुन्हा गिलावा, घोटाई, आठवडाभर पाणी मारणं, वाळवणं, रंगाचे दोन हात. परत भरल्यावर नळी लावली तेव्हा सकाळी ६४ होती आणि अजून चढत होती.

आता मी ते पान बदलायला बसले. गॅसधारक काढलं आणि लिहिलं, "डोमचा शेणपाण्याच्या वर राहणारा भाग". मला वाटलं आता अगदी स्वच्छ झालं. ट्रेनिंगमधल्या पाच-सहा मिस्त्रींना वाचायला दिलं, तर त्यातले एक वयस्कर मामा, वीटकामात हात एकदम बसलेला, ते म्हणाले, "कवाच्या वर? सकाळच्या का संध्याकाळच्या?"

ह्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करत होते. कारण त्यांचं बरोबर होतं. दीनबंधूत आतली पातळी हलत असते. रात्रभर गॅस साठला की तो शेणपाण्याला खाली दाबतो आणि तेवढं शेणपाणी बाहेरच्या टाकीत चढतं. सकाळी स्वयंपाक झाला, गॅस गेला, की बाहेरचं परत आत येतं आणि डोममधली पातळी वर येते. म्हणजे गॅस संपलेला असताना जर कोणी रेघ मारली तर ती खूप वर पडेल, आणि तिच्या खालचा मोठा पट्टा, जो सकाळी गॅसमध्येच असतो, तो घोटाई आणि रंगाशिवाय राहील. गॅस तिथूनही सुटेल, फक्त सकाळी सुटेल आणि संध्याकाळी सुटणार नाही, म्हणजे शोधायला अजूनच अवघड. आमच्या ड्रॉइंगमध्ये गॅससाठी रोजच्या गॅसच्या साधारण एक तृतीयांश जागा धरलेली आहे, म्हणजे २ घनमीटरला साडेसहाशे-सातशे लिटर, आणि तेवढं शेणपाणी रोज वरखाली होतं. हा पट्टा काही बोटा-दोन बोटांचा नसतो.

शेवटी मजकूर असा झाला: "गॅस पूर्ण भरल्यावर शेणपाणी जिथपर्यंत खाली दबतं तिथं आतून गोल गेरूची रेघ मारा. माप ड्रॉइंगमध्ये 'खालची रेघ' म्हणून दिलं आहे. रेघेपासून वर, अगदी नळीच्या तोंडापर्यंत, गॅसचा भाग. ह्या भागाला पाणी थांबून चालत नाही, गॅस थांबला पाहिजे." आणि मग घोटाई-रंगाच्या पायऱ्या. वस्तूचं नाव पूर्णच गेलं, त्याच्या जागी एक रेघ आली, जी मिस्त्री स्वतः मारतो. ड्रॉइंगवाल्यांना सांगून इंग्रजी आकृतीतसुद्धा ती रेघ लाल करून घेतली.

ह्याच बैठकीत स्लरीचा घोळ बाहेर आला. तो खरं तर सगळ्यात आधी लक्षात यायला पाहिजे होता. मी आधी म्हटलं तसं हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, आणि अडचण तीच होती, प्रत्येकाला माहीत असलेली स्लरी वेगळी होती. गवंड्याची स्लरी म्हणजे सिमेंट आणि पाणी कालवून केलेलं घट्ट पाणी, जे गिलाव्याआधी मारतात किंवा जुन्या-नव्या कामाच्या सांध्यात ओततात. शेतकऱ्याची स्लरी म्हणजे प्लँटमधून बाहेर पडणारं खत, जे तो उसाला सोडतो. द्राक्ष-केळीवाल्यांकडं तर शेण, गूळ, बेसन, गोमूत्र पिंपात कुजवून ड्रिपनं सोडतात त्यालाही स्लरी म्हणतात. आणि मॅन्युअलची स्लरी म्हणजे आत घालायचं शेण-पाणी, टाकीतलं शेणपाणी आणि बाहेर येणारं शेणपाणी, तिन्ही.

पान २७ वर माझं वाक्य होतं, "गिलाव्यापूर्वी पृष्ठभागावर स्लरीचा पातळ थर द्यावा." गवंडी हे वाचून सिमेंटच समजणार आणि ते बरोबर. पण ट्रेनिंगमध्ये एक तरुण मुलगा होता, घरी शेती, गवंडीकाम नुकतंच शिकायला लागलेला, तो म्हणाला की त्यानं शेणाचीच स्लरी समजली होती, कारण आधीच्या सव्वीस पानांत स्लरी म्हणजे शेणच होतं, आणि आईला तो लहानपणापासून भिंती-जमीन शेणानं सारवताना बघत आलाय, तर त्याला त्यात वेगळं काही वाटलं नाही. त्यानं तसं केलं नव्हतं, हाताखाली असल्यामुळं मोठ्या मिस्त्रींनी केलं. पण तो एकटा काम करत असता तर शेणाच्या थरावर गिलावा मारला असता आणि तो कधीतरी पोपडे धरून सुटला असता.

तेव्हा ठरवलं की मॅन्युअलमध्ये स्लरी हा शब्द एकाच गोष्टीला वापरायचा. कुठल्या, यावर बरीच चर्चा झाली. बाहेर पडणाऱ्या खताला स्लरी म्हणणं शेतकरी सोडणार नाही, तो शब्द आता बाजारात आहे, टँकरवर लिहिलेला आहे, म्हणून तो तिथंच ठेवला. आत घालायच्या ताज्या मिश्रणाला शेणकाला. हा शब्द माझा नाही, शेतीखात्याच्या जुन्या पुस्तिकांत आहे, मला तो पुस्तकी वाटत होता पण मिस्त्री आणि घरातल्या बायका दोघांनाही लगेच कळला, दहीकाला-गोपाळकाल्यातला काला तो, कालवलेलं. टाकीच्या आतल्याला शेणपाणी. आणि सिमेंटच्या कामाला सिमेंटचं पाणी, त्याचं प्रमाण लिहून. कोणीतरी मळी सुचवलं होतं, काही भागात गोबरगॅसच्या स्लरीला मळी म्हणतातही, पण आमचा उसाचा पट्टा, इथं मळी म्हटलं की साखर कारखानाच आठवणार, त्यामुळं ते पहिल्या पाच मिनिटांत बाद झालं.

शेणकाला शब्दाबरोबर एक फायदा असा झाला की किती पातळ करायचा हे सांगता आलं. इंग्रजीत लिहिलं होतं की घन पदार्थ ८ ते १० टक्के असावेत. हे वाक्य मी पहिल्या मसुद्यात जसंच्या तसं दिलं होतं आणि घरी शेण कालवणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. ताज्या शेणात साधारण पाचवा भाग घन असतो, म्हणून जेवढं शेण तेवढंच पाणी घातलं की ते दहाच्या आसपास येतं, एवढाच त्याचा अर्थ. एका घरी वहिनींना विचारलं तुम्ही कसं ओळखता, त्या म्हणाल्या, "आंबोळीच्या पिठासारखं. हात बुडवून काढला की बोटावरनं सरसर गळायचं न्हाई आणि गोळाही ऱ्हायचा न्हाई." हे वाक्य जवळजवळ तसंच मॅन्युअलमध्ये आहे, "जितक्या बादल्या शेण तितक्याच बादल्या पाणी" याच्या खाली. फार पातळ झालं तर काय होतं हेही लिहिलं, कारण ते बांधकामावर ढकललं जातं: पाणी जास्त घातलं तर माल ४० दिवस आत राहायच्या ऐवजी लवकर बाहेर पडतो (आमच्या ड्रॉइंगमध्ये ४० दिवस धरलेत, रोजचे १०० लिटर गुणिले ४० म्हणजे ४,००० लिटर), गॅस कमी येतो आणि लोक म्हणतात मिस्त्रीनं नीट बांधलं नाही.

तिसरी गोष्ट आउटलेटची. ही तक्रार पावसाळ्यानंतर आली, वेगळ्या गावातून. शेगडी भकभक करायची, मग ज्योत पिवळी होऊन विझायची, आणि एक दिवस गॅसच बंद. पाइपमध्ये पाणी साठलं असेल म्हणून आधी पाण्याचा ट्रॅप उघडून बघितला, थोडं पाणी निघालं पण फरक नाही. मग डोमवरची गॅसची नळी खोलली तर आत शेण. तोंडापर्यंत भरलेलं, वाळून घट्ट झालेलं.

गॅसच्या नळीत शेण यायचं म्हणजे डोममधलं शेणपाणी पार वरपर्यंत चढलं पाहिजे. ते कधी चढेल? गॅस पूर्ण संपलेला, कॉक उघडा, आणि बाहेरची टाकी काठोकाठ भरलेली, तेव्हा आतलं आणि बाहेरचं एकाच पातळीला येतं. बाहेरची टाकी किती भरणार हे तिच्या भिंतीतल्या त्या भोकावर ठरतं जिथून खत खड्ड्यात सांडतं. म्हणून ते भोक कायम डोमच्या आतल्या नळीच्या तोंडापेक्षा खालीच पाहिजे, ड्रॉइंगमध्ये तेवढं अंतर दिलेलं असतं. इथं मिस्त्रींनी ते भोक विटेचे दोन थर वर घेतलं होतं. कारण घरमालकाची खड्ड्याची जागा उंचावर होती आणि खत ढाळानं जावं म्हणून त्यांनी सांगितलं, "जरा वर घ्या की." मिस्त्रींनी मॅन्युअल बघितलं, आणि त्यात लिहिलं होतं, "निर्गम छिद्र गॅस निर्गम नळीपेक्षा खालच्या पातळीवर असावे."

ह्या वाक्यात चूक काही नाही. पण दीनबंधूला इंग्रजीतही चार आउटलेट आहेत. डोमच्या भिंतीत खाली एक मोठं भगदाड, ज्यातून शेणपाणी बाहेरच्या टाकीत जातं, ते आउटलेट ओपनिंग. ती बाहेरची टाकी, आउटलेट चेंबर किंवा डिस्प्लेसमेंट चेंबर. त्या टाकीतून खत सांडायचं भोक, तेही आउटलेट ओपनिंगच. आणि वरची गॅस आउटलेट पाइप. इंग्रजी वाचणारा आकृतीवरच्या अक्षरांवरून ओळखतो. मी सगळीकडं निर्गम लावला आणि मिस्त्रींनी निर्गम छिद्र म्हणजे खालचं मोठं भगदाड असं धरलं. ते नळीपेक्षा खाली आहेच, कितीतरी खाली आहे. अट पूर्ण झाली, मग वरचं भोक दोन थर वर घ्यायला त्यांना काही हरकत दिसली नाही. विस्थापन कक्ष हा शब्द तर त्यांनी वाचलाच नव्हता, त्या आकृतीखाली त्यांनी पेनानं "भाइरची टाकी" असं लिहून ठेवलं होतं.

त्या दिवशी आम्ही त्याच टाकीच्या काठावर बसलो होतो आणि मी मिस्त्रींना विचारलं की ह्या भोकाला तुम्ही काय म्हणता. ते म्हणाले असं काही नाव नाही, भोक. मग घरमालक, जे आतापर्यंत गप्प होते, ते म्हणाले, "सांडवाच की हो."

सांडवा. आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही सांडवा माहीत असतो, तलाव भरला की सांडव्यावरनं पाणी पडतं हे पावसाळ्यात सगळे बघायला जातात. आणि त्या शब्दात मला जे तीन ओळीत सांगता आलं नव्हतं ते सगळं होतं: पाणी सांडव्याच्या वर चढत नाही, सांडवा वर घेतला की तलावातली पातळी वर जाते, आणि सांडवा बांधताना मागं काय बुडेल ते बघावं लागतं. मिस्त्री लगेच म्हणाले, "म्हंजी मी सांडवा उचलला आणि नळी बुडवली." त्यांना पुढं काहीच समजवावं लागलं नाही. भोक फोडून दोन थर खाली आणलं, खड्ड्याकडं जाणारी चर खोल केली, नळी साफ केली. खड्डा मात्र उंचावरच राहिला, त्यामुळं शेवटचे काही हात खत बादलीनं उचलायला लागतं, त्यावर त्या घराचा अजूनही थोडा राग आहे.

आता मॅन्युअलमध्ये चार आउटलेटची चार नावं आहेत आणि त्यातलं एकही दुसऱ्यासारखं नाही: खालचं दार, बाहेरची टाकी, सांडवा, गॅसची नळी. निर्गम कुठंच नाही. आणि पान ३४ वर एकच वाक्य चौकटीत, "सांडवा कधीही वर उचलू नका. खत पुढं जात नसेल तर चर खोल करा."

डायजेस्टरला पाचक लिहिलं होतं तेही गेलं. त्यावरून कोणाचं काम बिघडलं नव्हतं, पण मिस्त्री ते वाचताना अडखळत होते, औषधाचं नाव असल्यासारखं. फ्लोटिंग ड्रमवाले त्याला विहीर म्हणतात आणि तिथं ते बरोबर आहे, सरळ भिंतीची गोल विहीरच असते ती. दीनबंधूला भिंत सरळ नाहीच, तळ वाटीसारखा आणि वर अर्धा गोळा, मधल्या खुंटीला दोरी बांधून प्रत्येक वीट दोरीनं मापून लावत जायचं. तिथं विहीर लिहिलं असतं तर कोणीतरी ओळंबा लावून सरळ भिंत उचलली असती. आम्ही तळाला वाटी आणि वरच्याला डोम ठेवलं. घुमट हा चांगला मराठी शब्द आहे, मला तोच हवा होता, पण १४ पैकी १४ जण डोम म्हणत होते.

एक अडचण मात्र सुटली नाही, ती अनुदानाच्या कागदांची. तिथल्या फॉर्मवर बायोगॅस संयंत्र, पाचक, निर्गम असेच शब्द छापलेले आहेत आणि तपासणीला येणारे साहेब तेच विचारतात. एका मिस्त्रींना साहेबांनी विचारलं विस्थापन कक्ष किती बाय कितीचा आहे, ते गप्प, आणि साहेबांचा समज झाला की यांना काम येत नाही. बाहेरची टाकी किती मोठी असं विचारलं असतं तर सेंटीमीटरमध्ये सांगितलं असतं. म्हणून शेवटच्या पानावर एक आकृती टाकली आहे, त्यात प्रत्येक भागाला आमचं नाव मोठ्या अक्षरात आणि फॉर्मवरचं नाव खाली बारीक. ते पान मिस्त्री फाडून खिशात ठेवतात असं कळलं, म्हणून पुढच्या छपाईत ते वेगळ्या जाड कागदावर घेतलंय.

अजून एक शब्द बाकी आहे. शेणपाण्यावर वर जो सुकलेला, काडीकचऱ्याचा थर जमतो आणि गॅसला अडवतो, त्याला मी तरंगता थर लिहिलंय. घरोघरी बायका त्याला "साय धरली" म्हणतात, काही ठिकाणी खपली. साय म्हटलं तर चांगली गोष्ट वाटते, काढायची घाई कोणी करत नाही, हा सुपरवायझरचा आक्षेप आणि तो मला पटतो. खपली म्हटलं तर मिस्त्रींना गिलाव्याची खपली वाटते, म्हणजे प्लॅस्टर निघालं असं. सध्या त्या पानावर तरंगता थर आणि शेजारी फोटो असं आहे, आणि पुढच्या महिन्यात गारगोटीच्या बाजूला बॅच आहे तिथं हे पान आधी बायकांना वाचायला देणार आहे.